पॅरिस मेट्रोच्या नकाशाचा फोटो, दोन मोठ्या बॅगा आणि आई: विमानतळ ते मोंपार्नास कसं जावं?

मृणाल_र
नमस्कार मंडळी. आई आणि मी पुढच्या महिन्यात पॅरिसला उतरतोय, शार्ल द गोल विमानतळ, टर्मिनल २. तिथून मोंपार्नास स्टेशनवर जाऊन रेन शहराला जाणारी टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वे, पकडायची आहे. तिकीट काढून झालंय, मध्ये साडेतीन तास आहेत. तेवीस किलोच्या दोन बॅगा, दोन पाठपिशव्या. आईचा उजवा गुडघा दुखरा. ती चालते, पण जिने नकोत म्हणते.

मावसभावाने तिथल्या भिंतीवरच्या नकाशाचा फोटो पाठवलाय, तो खाली जोडते. काचेवर दिव्याचा चट्टा पडल्याने मधला डावीकडचा भाग पांढरा झालाय. कडेची सूचीही कापली गेली आहे. तरी माझ्या मते उत्तर सोपं आहे. फिकट हिरवी ६ नंबरची लाइन डावीकडे वर 'शार्ल द गोल'ला सुरू होते आणि थेट मोंपार्नासवरून जाते. गाडी बदलायचीच नाही. बरोबर ना?

भटक्या_निन्या
नाही नाही, थांबा! ते शार्ल द गोल–एत्वाल. शहरातला कमानीचा चौक आहे तो, विमानतळ नव्हे. विमानतळ फोटोत उजवीकडे वरच्या कोपऱ्यात असेल, विमानाचं चिन्ह शोधा. तिथून निघणारी जाड निळी रेघ म्हणजे आरईआर बी, शहरातून जाणारी उपनगरी रेल्वे.

रस्ता अगदी सोपा आहे. आरईआर बी ने गार द्यु नॉर, तिथे उतरून ४ नंबरची मेट्रो, ती थेट मोंपार्नास. एकदाच बदल. डोळे झाकून जा.

मृणाल_र
अरे हो, विमान सापडलं! दोन आहेत, शेजारी शेजारी. मग विमानतळाचं स्टेशन कुठलं धरू?

जुनाजाणता
टर्मिनल २ असेल तर रेघेच्या अगदी टोकाचं. त्याच्या आधीचं टर्मिनल १ आणि ३ साठी. टोकाला चढायचं असल्यामुळे बॅगा ठेवायला जागा मिळण्याची शक्यता जास्त, हा फुकटचा फायदा.

एक विचारू का? विमानतळाच्या त्याच स्टेशनातून टीजीव्ही पण सुटतात. रेनला थेट जाणाऱ्याही असतात. तिकीट बदलता येत असेल तर पॅरिसमध्ये शिरायचीच गरज नाही.

मृणाल_र
पाहिलं होतं काका. आमच्या वेळेला थेट गाडी नाही आणि तिकीट बदलता न येणारं आहे. तेव्हा शहरातूनच जायचंय.

जुनाजाणता
ठीक. मग निन्याच्या उत्तराकडे येतो. रस्ता चुकीचा नाही, पण बॅगा आणि गुडघा जमेस धरला तर मी तो घेणार नाही. गार द्यु नॉरला आरईआरचे फलाट खोल आहेत आणि तिथून ४ च्या फलाटापर्यंत गर्दीतून जिने आणि बोळ. पुढे ४ नंबरवर मोंपार्नासपर्यंत चौदा थांबे, मधल्या भागात गाडी खचाखच.

त्याच आरईआरमध्ये बसून राहा. गार द्यु नॉरनंतर शातले–ले आल, सें-मिशेल, लुक्झांबूर, पोर-रोयाल आणि मग पाचवं दाँफेर-रोशरो. तिथे बदला. तिथून मोंपार्नास फक्त तीन थांबे. बदल एकदाच, पण तो कमी गर्दीच्या ठिकाणी, आणि मेट्रोत बॅगा सांभाळत उभं राहायचं ते पाचेक मिनिटं. विमानतळ ते दाँफेर पाऊण तास धरा.

मृणाल_र
दाँफेर माझ्या फोटोत दिसतच नाही. नेमका चट्टा तिथेच आहे. निळी रेघ पांढऱ्यात शिरते आणि खाली बाहेर येते.

रंगरेषा
नकाशे हा माझा आवडीचा विषय, म्हणून मध्ये पडते. चट्ट्याखालचं स्टेशन काढता येतं, कारण तिथे दोन रेघा येतात आणि दोन्हींचे ठिपके वेगवेगळ्या बाजूंनी मोजता येतात.

आधी ६ नंबर धरा. मोंपार्नासपासून उजवीकडे, म्हणजे नासिओँकडे, एकेक ठिपका मोजा: एद्गार किने, रास्पाय, आणि तिसरा चट्ट्यात. आता निळी रेघ खालून वर मोजा. दक्षिणेला सिते युनिव्हर्सितेर हे नाव दिसतंय का? त्याच्या वरचा पहिला ठिपका म्हणजेच ६ वरचा तिसरा. दोन्ही रेघा एकाच जागी भेटल्या की ते दाँफेर.

हे नुसतं रेघांच्या छेदावरून ठरवू नका. या नकाशावर रेघा एकमेकींना पुष्कळ ठिकाणी ओलांडतात. जिथे पांढरा गोल किंवा लांबट पांढरी पट्टी आहे तिथेच गाडी बदलता येते. चट्ट्याने ती पट्टी पुसली असेल तर नुसत्या छेदावरून खात्री देता येत नाही. इथे मला नकाशा माहीत आहे म्हणून सांगते, दाँफेरला पट्टी आहे.

मृणाल_र
सिते युनिव्हर्सितेर सापडलं! आणि तिसरा ठिपका तिथेच येतो. थँक्यू ताई. पण त्याच जागेतून एक जांभळट रेघही जाते, ती मोंपार्नासलाच जाते. ती ८ की १४?

रंगरेषा
फोटोवरून रंग सांगू नका, घात होतो. पिवळ्या दिव्याखाली ४, ८ आणि १४ या तिघींच्या जांभळ्या छटा एकमेकींत मिसळतात. पिवळी १, करड्या पिवळ्या छटेची १० आणि आरईआर सी यांचंही तेच. रेघ बोटाने धरा आणि टोकापर्यंत जा. तिथे गोलात नंबर आणि शेवटच्या स्टेशनाचं नाव रंगीत चौकटीत असतं. नंबरवर विश्वास ठेवायचा, रंगावर नाही. तुमची रेघ वर पोर्त द क्लिन्याँकूरला संपत असेल तर ती ४ आहे.

आणि हो, टोकाचं नाव नुसतं ओळखीसाठी नाही. फलाटावर दिशा त्याच नावाने लिहिलेली असते. उत्तर-दक्षिण असं काही तिथे लिहिलेलं नसतं.

मृणाल_र
क्लिन्याँकूरच आहे, म्हणजे ४. मग दाँफेरहून मोंपार्नास ४ ने पण जाता येतं आणि ६ ने पण. मोजले: ४ वर रास्पाय, वाव्हँ, मोंपार्नास. ६ वर रास्पाय, एद्गार किने, मोंपार्नास. दोन्हीकडे तीनच. मग जी आधी येईल ती घ्यायची?

भटक्या_निन्या
हो, काय फरक पडतो. दोन्ही एकाच स्टेशनात जातात. ४ तर आता विनाचालक आहे, गाड्या पटापट येतात. मी ४ म्हणेन.

जुनाजाणता
फरक पडतो, आणि सगळी गंमत इथेच आहे. ६ घ्या.

नकाशावर मोंपार्नास–बियाँवन्यु ही एक पांढरी पट्टी आहे. जमिनीखाली ती दोन स्टेशनं आहेत. पूर्वी नावंही वेगळी होती, मोंपार्नास आणि बियाँवन्यु. १९४२ मध्ये ती जोडून एक केली. ४ आणि १२ चे फलाट उत्तरेकडे, बुलव्हारच्या बाजूला. ६ आणि १३ चे दक्षिणेकडे. मध्ये जवळपास १८५ मीटर लांबीचा बोळ, त्यात सरकते पट्टे.

आता रेल्वे स्टेशन कुठे? जुनं रेल्वे स्टेशन उत्तरेच्या बाजूला होतं, म्हणून ४ ची मेट्रो तिथे. १९६० च्या दशकात नवं स्टेशन मागे, दक्षिणेला सरकलं. जुन्या जागी आता तो उंच काळा टॉवर उभा आहे. मेट्रोचे फलाट मात्र होते तिथेच राहिले. म्हणजे ४ ने उतरलात तर तो सगळा बोळ बॅगा ओढत पार करून मग रेल्वेकडे यायचं. ६ ने उतरलात तर तुम्ही बोळाच्या रेल्वेकडच्या टोकालाच आहात.

नकाशावर दोन्ही रस्ते सारखे दिसतात. तीन थांबे, तीन थांबे. नकाशा थांबे दाखवतो, पायपीट दाखवत नाही.

ओंकार_दे
तो बोळ! तिथे २००२ मध्ये एक भन्नाट वेगाचा सरकता पट्टा बसवला होता. लोक चढता-उतरताना पडायचे, म्हणून वेग कमी केला आणि शेवटी काढूनच टाकला. आताचा साध्या वेगाचा आहे. पण बॅगेसह त्यावर उभं राहायचं असेल तर उजवीकडे राहा, नाहीतर मागचे लोक खेकसतात.

शुभदा_लंडनकर
मी लंडनमध्ये असते, तर माझं सांगते. आमच्याकडे नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलं की काम झालं. मृणाल, तुझ्या फोटोत ते चिन्ह शोध आणि फक्त तीच स्टेशनं वापर.

रंगरेषा
शुभदाताई, लंडनच्या नकाशावरही ते चिन्ह दोन प्रकारचं असतं ना? निळ्या गोलातलं म्हणजे रस्त्यापासून थेट गाडीपर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलातलं म्हणजे फलाटापर्यंत पायरी नाही, गाडीत शिरताना असू शकते. फोटो धूसर असेल तर दोन्ही सारखेच दिसतात.

शुभदा_लंडनकर
हो, ते खरं. मी पांढऱ्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं, माझं स्टेशन निळं आहे 🙂

जुनाजाणता
पॅरिसमध्ये त्याहून वेगळी अडचण. मेट्रो जुनी, पहिली लाइन १९०० ची. बहुतेक मेट्रो स्टेशनांत रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट नाही. पूर्ण लाइनभर लिफ्ट असलेली जुन्या शहरातली मेट्रो म्हणजे १४ नंबर. ४ वर दक्षिणेकडच्या नव्या स्टेशनांत लिफ्ट आहे, मोंपार्नासला नाही. आरईआरच्या स्टेशनांत लिफ्टचं प्रमाण बरंच जास्त. त्यामुळे एखाद्या जोडस्टेशनावर चिन्ह दिसलं तरी ते कुणासाठी आहे हे पाहावं लागतं. दाँफेरला ते आरईआरसाठी धरा. मेट्रोच्या फलाटापर्यंत थोडे जिने आहेतच, आणि ते बॅगा उचलूनच पार करायचे.

मृणाल_र
म्हणजे जिने टळत नाहीत. आई हे वाचतेय आणि माझ्याकडे बघतेय.

निवृत्त_अभियंता
माझा अनुभव सांगू का? टॅक्सी करा. बॅग उचलताना माझ्या पाठीत उसण भरली होती, आठवडाभर आडवा होतो. विमानतळावरून शहरात ठरावीक भाडं आहे, मीटरची कटकट नाही. फक्त नदीच्या उजव्या तीराचं भाडं वेगळं आणि डाव्याचं वेगळं. मोंपार्नास डावा तीर.

मृणाल_र
काका, टॅक्सी मनात आहेच. पण सकाळी आठ-साडेआठला उतरतोय, त्या वेळी रस्ते कसे असतात कोण जाणे. गाडी चुकली तर तिकीट गेलं. म्हणून रुळावरचा पर्याय पक्का हवाय.

रंगरेषा
मृणाल, एक गोष्ट राहिली. फोटो कधीचा आहे? मावसभावाने स्वतः काढलाय की त्याच्याकडे कुणाकडून आलाय?

मृणाल_र
त्याच्या मित्राचा आहे. तारीख माहीत नाही. फरक पडतो का?

रंगरेषा
तुमच्या रस्त्याला बहुधा नाही, पण तपासून घ्यावं. छापील नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्ती असते, पण तुमच्या फोटोत कडा कापल्या आहेत. मग रेघांची टोकं पाहा. १४ नंबर वर कुठे संपतेय आणि खाली कुठे?

मृणाल_र
खाली ओलँपियाद. वर सें-लाझार... नाही, थोडी पुढे जाते. मेरी द सें-तुआँ.

रंगरेषा
झालं तर. १४ सें-तुआँपर्यंत गेली डिसेंबर २०२० मध्ये आणि दक्षिणेला ऑर्ली विमानतळापर्यंत पोचली जून २०२४ मध्ये. म्हणजे हा नकाशा त्या दोन तारखांच्या मधला. आता ४ चं खालचं टोक वाचा. मेरी द माँरूज असेल तर जानेवारी २०२२ च्या आधीचा, बान्यो असेल तर नंतरचा.

मृणाल_र
माँरूज!

रंगरेषा
म्हणजे २०२१ च्या आसपासचा. तुमच्या कामाची तिन्ही स्टेशनं जिथल्या तिथे आहेत. फक्त दाँफेरला ४ ची दक्षिणेकडची पाटी आता बान्यो म्हणते, माँरूज शोधत बसू नका. तुम्ही ६ ने जाणार असाल तर तेही नको. ६ ची टोकं तीच आहेत, एकीकडे नासिओँ आणि दुसरीकडे शार्ल द गोल–एत्वाल.

मृणाल_र
म्हणजे मी दाँफेरला 'शार्ल द गोल' लिहिलेल्या फलाटावर उभी राहायचं?

जुनाजाणता
हो! आणि आई नक्की म्हणणार, अगं परत विमानतळावर कुठे नेतेस. त्यांना आधीच सांगून ठेवा. पाटीवर दिशेच्या खाली पुढच्या स्टेशनांची यादी असते. त्यात एद्गार किने आणि मोंपार्नास दिसलं की फलाट बरोबर.

भटक्या_निन्या
६ वर जिने जास्त आहेत असं ऐकलंय. ती बरीच पुलावरून जाते ना? मग वर चढावं लागेल.

जुनाजाणता
पुलावरून जाते ते पाश्चरच्या पुढे. दाँफेर ते मोंपार्नास ती जमिनीखालूनच आहे.

ओंकार_दे
मी वेगळं सुचवू? पोर-रोयालला उतरून ९१ नंबरची बस. ती मोंपार्नास स्टेशनसमोर सोडते. पायरी नसलेली बस, बॅगा सरळ ढकलत आत. मेट्रोच्या नकाशावर बसच नसते म्हणून कुणाला सुचत नाही. बसचा नकाशा वेगळा असतो, त्याचा फोटो काढायला हवा.

जुनाजाणता
पर्याय चांगला आहे. पण पोर-रोयालला फलाटावरून रस्त्यावर कसं येता येतं ते आधी पाहावं लागेल, आणि बसथांबा रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे तेही. सकाळची बस भरलेली असली तर दोन बॅगांसाठी पुढची बस पाहावी लागेल. गुडघा महत्त्वाचा असेल तर बस, वेळ महत्त्वाची असेल तर ६. मी तरी ६ घेतली असती.

ओंकार_दे
मी बसच घेतली असती. रस्त्यावर आकाश तरी दिसतं.

शुभदा_लंडनकर
मृणाल, फोटो परत मागव ना. मित्राला सांग, मेसेजमध्ये चित्र म्हणून नको, फाइल म्हणून पाठव. चित्र म्हणून पाठवलं की ते आकुंचन पावतं आणि बारीक नावं चिखल होतात.

रंगरेषा
ताईंशी सहमत. आणि उतरल्यावर विमानतळाच्या स्टेशनात स्वतःही काढून घ्या. आधी पूर्ण नकाशाचा एक. मग जवळून चार, प्रत्येक शेजारच्यावर थोडा चढलेला, म्हणजे जोडताना रेघ तुटत नाही. समोर उभं राहिलं की दिवा काचेत दिसतो, म्हणून जवळून काढताना एक पाऊल बाजूला सरकून थोडं तिरकं धरा. नावं तिरकी आली तरी चालतात, पांढरा चट्टा चालत नाही. आणि सूचीचा एक वेगळा फोटो, जी तुमच्या भावाच्या मित्राने कापली.

मृणाल_र
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: टर्मिनल २ चं टोकाचं स्टेशन, आरईआर बी, दाँफेरला उतरून ६, दिशा शार्ल द गोल–एत्वाल, तिसरा थांबा. दाँफेरचे जिने पाहून आईने नकार दिला तर वर येऊन टॅक्सी, तिथून स्टेशन जवळच आहे. एकच शंका, विमानतळावरून निघताना आरईआर बी च्या गाड्या वेगवेगळ्या ठिकाणी जातात ना? फोटोत खाली दोन फाटे दिसताहेत.

जुनाजाणता
खालचा फाटा बूर-ला-रेनला फुटतो, दाँफेरच्या पुढे. त्यामुळे शहराकडे जाणारी कुठलीही गाडी चालेल, फक्त ती दाँफेरपर्यंत जाते का ते बोर्डावर पाहा. कधी रुळांची कामं असली की गाडी मध्येच संपवतात, आणि ते कुठल्याच फोटोत नसतं. काही गाड्या गार द्यु नॉरपर्यंत न थांबता जातात, काही प्रत्येक ठिकाणी थांबतात. न थांबणारी मिळाली तर उत्तम.

फाट्याची काळजी परतताना. वरच्या बाजूला ओल्ने-सू-ब्वाला दोन फाटे आहेत, एक विमानतळाचा आणि एक मित्रीचा. मित्रीच्या गाडीत बसलात तर विमानतळ येतच नाही.

ओंकार_दे
परतताना गाडीवर चार अक्षरांचं नाव असतं, E ने सुरू होणारं असेल तर विमानतळाची गाडी.

भटक्या_निन्या
अक्षरं कशाला लक्षात ठेवायची, फलाटावरच्या पडद्यावर विमानाचं चिन्ह असतं की.

ओंकार_दे
पडदा बंद असला तर?

मृणाल_र
परतीचा धागा वेगळा काढते 😄 पण मोंपार्नासबद्दल शेवटचं: आमच्या तिकिटावर हॉलचा काही उल्लेख नाही. तिथे एकच हॉल आहे का?

जुनाजाणता
नाही, तीन आहेत. हॉल ३ म्हणजे वोजिरार, तो फलाटांच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि चालायला दहा मिनिटं सहज लागतात. गाडी कुठल्या हॉलमधून सुटते ते स्टेशनातल्या बोर्डावर येतं. तुमच्याकडे वेळ आहे, पण मेट्रोतून वर आलात की आधी बोर्ड पाहा, मग कॉफी.